ओठांवर नाम, बोटांवर हिशेब

‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी मंत्र मोठ्याने म्हणायला घ्या आणि तो किती वेळा झाला ते मनातल्या मनात आकड्यांनी मोजा. बोटं हलवायची नाहीत, कुठे खूण करायची नाही. थोड्याच वेळात आकडा निसटतो, किंवा आकडा धरून ठेवण्याच्या नादात मंत्राचा एखादा ‘जय’ गळतो. स्मरणशक्ती चांगली असली तरी हेच होतं, कारण अडचण स्मरणशक्तीची नसते, जागेची असते.

ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये अल्पकालीन स्मृतीची जी मांडणी केली, तिच्यात या जागेचा खुलासा सापडतो. फोन नंबर ऐकून तो लिहीपर्यंत आपण मनात घोळवतो. शब्द असे घोळवण्यासाठी मेंदूत एक छोटी व्यवस्था आहे आणि ती बोलण्याच्या यंत्रणेला जोडलेली आहे. तोंडाने एक बोलत असताना दुसरे शब्द मनात घोळवणं म्हणूनच फार कठीण जातं. प्रयोगांत लोकांना एखादा शब्द सतत उच्चारायला लावून याद्या लक्षात ठेवायला सांगितल्या, की त्यांना आठवणाऱ्या शब्दांची संख्या घसरते. आकडे मनात मोजणं म्हणजेही शब्दच घोळवणं. त्यामुळे जप आणि मोजणी एकाच दारातून आत शिरायला बघतात आणि एकमेकांची वाट अडवतात.

हिंदूंची जपमाळ, ख्रिस्त्यांची रोझरी आणि मुसलमानांची तसबीह या तिन्ही वस्तूंनी यावर काढलेला तोडगा एकच आहे. मोजणी भाषेतून काढून स्पर्शाला द्यायची. मणी सरकवायला शब्द लागत नाहीत, किती झाले हे लक्षात ठेवावंही लागत नाही, कारण तो आकडा माळेतल्या जागेवर साठलेला असतो. जीभ मोकळी राहते, डोळे मिटलेले चालतात.

गोव्यात या तिन्ही माळा एकाच तालुक्यात, कधी एकाच वाड्यावर रोज फिरतात. पर्तगाळ किंवा कवळे मठाच्या परंपरेतल्या घरात देवापुढे जपमाळ असते, शेजारच्या ख्रिस्ती घरात सांजवेळी तेर्स, म्हणजे रोझरीवरची प्रार्थना, चालतं आणि फोंड्याच्या साफा मशिदीसारख्या ठिकाणी नमाजानंतर तसबीह हातात येते. मोजायचा मंत्र वेगळा, भाषा वेगळी. बोटांचं काम मात्र जवळपास सारखंच.

जपमाळेचं उदाहरण नीट पाहू. माळेत १०८ मणी आणि त्यांच्याखेरीज एक मोठा मेरूमणी असतो. माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर टांगतात आणि अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढतात. तर्जनी बाजूला ठेवतात. परंपरेत तिला अहंकाराचं बोट मानतात म्हणून ती वर्ज्य आहे, पण हाताच्या दृष्टीनेही ते सोयीचं पडतं. मध्यमा आधार देते आणि अंगठा ओढतो, अशी कामाची वाटणी स्वच्छ राहते. क्रमही ठरलेला हवा. आधी मणी अंगठ्याखाली घ्यायचा, मग मंत्र पूर्ण म्हणायचा आणि त्यानंतरच मणी सोडायचा. मंत्र अर्धा झालेला असताना मणी सोडण्याची सवय लागली की हात पुढे आणि जीभ मागे, असं अंतर पडत जातं. मेरूशी पोचल्यावर तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवून आलेल्या दिशेने परत निघायचं. माळ फिरवायला दोन बोटांचं थोडं कसब लागतं, ते झोपेत जमत नाही. म्हणूनच मेरू हा जागं करणारा थांबा आहे.

पण जपमाळेत मेरूखेरीज दुसरा थांबा नाही. पहिल्यापासून एकशे आठव्यापर्यंत मणी एकसारखे. आपण चाळिसाव्या मण्यावर आहोत की सत्तराव्या, हे बोटांना कळत नाही आणि कळू नये असाच तिचा घाट आहे. किती उरले हा प्रश्न मनात उभाच राहत नाही. तोटा असा, की मध्ये एक मणी चुकून सुटला तर तो कायमचा सुटला, पुढे कुठेही तो पकडता येत नाही. यावर जुन्या लोकांचा हिशेब फार शहाणपणाचा आहे. एक माळ झाली की शंभरच जप धरायचे, वरचे आठ चुकांच्या खाती. म्हणजे १०८ मध्ये आठपर्यंत मणी सुटले तरी शंभराचा संकल्प शाबूत राहतो. चूक होणारच हे गृहीत धरून केलेली ही तरतूद आहे.

रोझरी याच्या अगदी उलट बांधणीची. पाच दशकांच्या नेहमीच्या रोझरीत ५९ मणी असतात. त्यांपैकी ५३ ‘नमान मरिये’साठी आणि ६ ‘आमच्या बापा’साठी. वर्तुळात दहा-दहाचे पाच गट, तीच ही दशकं, गटांच्या मध्ये एकेक सुटा मणी आणि शेपटीला दोन सुट्या मण्यांच्या मध्ये तीन मणी, टोकाला क्रूस. सुट्या मण्याच्या दोन्ही बाजूंना साखळीत रिकामी जागा सोडलेली असते आणि अंगठ्याला मणी लागण्याच्या आधी ती जागाच लागते. दहा झाले हे ती सांगते. एखाद्या गटात अकरा नमान झाले तरी ती चूक त्या दहातच संपते, पुढच्या गटाचा हिशेब पुन्हा कोरा. शिवाय गट बदलला की प्रार्थना बदलते आणि चिंतनाचा प्रसंगही बदलतो. मन भरकटलं असेल तर त्याला परत यायला दर दहा मण्यांनी एक दार उघडं आहे.

९९ मण्यांची तसबीह या दोघींच्या मधली. तिच्यात दोन वेगळ्या आकाराच्या मण्यांनी ३३-३३ चे तीन भाग पाडलेले असतात आणि टोकाला लांबट मणी असतो. पहिल्या भागात सुबहानल्लाह, दुसऱ्यात अल्हम्दुलिल्लाह, तिसऱ्यात अल्लाहू अकबर. अल्लाहू अकबर चौतीस वेळा म्हणून शंभर पुरे करण्याची रीतही आहे. इथे खूण लागल्याबरोबर जिभेवरचा शब्दच बदलावा लागतो. लक्ष नसेल तर जुनाच शब्द पुढे चालू राहतो आणि दोनचार मण्यांत ते ध्यानात येतं. पुष्कळ मुस्लीम माळेऐवजी बोटांच्या पेरांवर मोजणं पसंत करतात आणि हिंदूंच्या करमालेतही दहा पेरं वापरतात. तत्त्व तेच.

आता एकाग्रतेचं. माळ मन एकाग्र करते असं सरसकट म्हणणं चूक आहे. माळ मोजणीचं ओझं उतरवते आणि भरकटलेलं मन पकडायला खुणा देते, इतकंच. हाताला सवय झाली की मणी आपोआप सरकतात, ओठ आपोआप हलतात आणि मन बाजारात फिरून येतं. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये श्वास मोजण्याची एक चाचणी प्रसिद्ध केली. एक ते आठ श्वासांना एक बटण, नवव्याला दुसरं, आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्यांची मोजणी अचूक, त्यांचं मन कमी भरकटत होतं. तिथे मोजणी मनातच करायची होती, म्हणून तिच्यातली चूक लक्षाची मोजपट्टी ठरली. माळेने मोजणी हाताकडे दिली की ती मोजपट्टी हातची जाते. मग लक्ष होतं की नव्हतं, ते दुसऱ्या मार्गाने पाहावं लागतं.

घड्याळ लावून ते पाहता येतं. तेरा अक्षरी मंत्र सावकाश, स्पष्ट म्हटला तर साधारण तीन सेकंद लागतात. १०८ मण्यांना ३२४ सेकंद, म्हणजे पाच मिनिटं चोवीस सेकंद. समजा माळ साडेचार मिनिटांतच मेरूला टेकली. ५४ सेकंद वाचले ते कुठून? एक तर दर मंत्र अडीच सेकंदांवर आला, किंवा अठरा मणी न म्हणताच सरकले. कोणतं झालं हे ओळखायला माळेच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या दहा मंत्रांना किती वेळ लागला ते वेगळं बघावं. सुरुवातीला तीस आणि शेवटी पंचवीसच्या खाली, असं दिसलं तर वेग वाढत गेलाय, आणि बहुतेक वेळा हेच असतं. शेवटचा ‘जय राम’ अर्धा गिळला जातो. दोन्हीकडे तीस सेकंदच लागत असतील तर मणी जोडीने ओढले जातायत. उलट माळेला साडेसहा मिनिटं लागली तर मध्ये कुठेतरी हात आणि ओठ दोन्ही थांबले होते आणि मन दुसरीकडे होतं. रोज घड्याळ लावू नये, नाहीतर लक्ष घड्याळातच अडकतं. अधूनमधून एखाद्या माळेला पुरे.

वेगाचा संबंध श्वासाशीही आहे. इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी प्रौढांवर केलेला एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. आवे मारिया, म्हणजे लॅटिनमधलं ‘नमान मरिये’, आणि ‘ओम मणि पद्मे’ हा बौद्ध मंत्र, या दोन्हींच्या पठणाने श्वासाचा वेग मिनिटाला सुमारे सहावर आला. रक्तदाबाची स्वाभाविक चढउतारही साधारण दहा सेकंदांच्या लयीत होत असते. श्वास त्याच लयीत आला की ती चढउतार आणि हृदयाची गती यांचा मेळ अधिक चांगला बसतो. यातलं तेर्स म्हणणाऱ्यांना ओळखीचं वाटेल असं कलम म्हणजे प्रार्थनेचे दोन भाग. पहिला अर्धा सांगणारा म्हणतो, दुसरा अर्धा बाकीचे म्हणतात. एकजण बोलत असताना दुसऱ्यांना श्वास घ्यायला निवांत वेळ मिळतो. वाड्यावरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रूसापुढे, घाईघाईने, एकाचा शब्द संपायच्या आत दुसऱ्याने उचलून तेर्स झालं, की ही सवड जाते आणि परिणामही जातो. अभ्यास लहान होता आणि भाषा लॅटिन, हे विसरू नये. कोंकणी नमानाची लांबी आणि म्हणण्याची चाल वेगळी असल्याने आकडा जसाच्या तसा लागू होईल असं नाही. एकट्याने जप करताना तेरा अक्षरी मंत्र एका उच्छ्वासात दोनदा आणि मग सावकाश श्वास, असं केलं तर लय दहा सेकंदांच्या जवळ येते. श्वास ओढूनताणून लांबवू नये. गरगरलं तर लगेच सोडून द्यावं.

शेवटी दोऱ्याकडे लक्ष द्यायला हवं, कारण गोव्याच्या पावसाळ्यात मोजणी बिघडते ती बहुधा तिथेच. सुती दोरा दमट हवेत फुगतो आणि मणी त्यावर घट्ट बसतात. अंगठ्याने ओढलं की एकाऐवजी दोन-तीन मणी एकदम येतात. ८ मिलिमीटरचे १०८ मणी ओळीत ८६ सेंटिमीटर भरतात. गाठी नसलेल्या माळेत त्यावर दोन-तीन मण्यांइतका दोरा मोकळा हवा. मण्यामण्यांत गाठ असेल तर गाठ मण्याच्या भोकापेक्षा मोठी असावी, नाहीतर ती आत शिरते आणि अंतर नाहीसं होतं. तुळशीच्या आणि लाकडी माळांवर जून-जुलैत बुरशी धरते. त्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, गोमुखीसकट हवेशीर जागी टांगाव्यात, ओल्या हाताने घेऊ नयेत. रोझरीची अडचण वेगळी. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत साध्या तारेच्या कड्या गंजतात, उघडतात, आणि सांधताना कोणी कडी कमी केली तर सुट्या मण्याजवळची ती रिकामी जागाच आखूड होते. मग दहावा मणी कुठला हे अंगठ्याला कळेनासं होतं. दुरुस्तीला देताना मणी मोजून द्यावेत आणि परत घेताना डोळे मिटून एक दशक बोटांनी चाचपून पाहावं.