खाते तपासणीचा स्क्रीनशॉट

सोशल मीडियावरील खात्याचे फॉलोअर्स, एंगेजमेंट रेट आणि दिवसागणिक वाढीचा आलेख एकत्र दाखवणारे चित्र. जाहिरात देण्यापूर्वी व्यावसायिक ते खातेदाराकडून मागवून घेतात. नजर आधी फॉलोअर्सच्या आकड्यावर जाते. खाते खरे की फुगवलेले, हे मात्र आलेखातली उडी आणि तिच्यानंतरचे दिवस सांगतात.

समजा, साताऱ्यातील कंदी पेढ्यांच्या दुकानदाराला कास पठारावरच्या एका इन्स्टाग्राम खात्याला जाहिरात द्यायची आहे. फॉलोअर्स ४८,०००, शेवटच्या बारा पोस्टवर सरासरी ४१० लाइक आणि २२ कमेंट, मिळून ४३२. त्याला फॉलोअर्सनी भागून शंभराने गुणले की एंगेजमेंट रेट ०.९ टक्के येतो. आलेख पाहावा तर फेब्रुवारीत दोन दिवसांत १८,००० चे ५०,००० झाले आणि तेव्हापासून रोज थोडे थोडे गळत गेले. आता उडीच्या आधीच्या पोस्ट उघडाव्यात. तिथेही सरासरी ४३२ च्या आसपासच असेल, तर तेव्हाचा दर २.४ टक्के होता. तीस हजार माणसे वाढली, पण एकाही पोस्टवर ती दिसत नाहीत. हे फॉलोअर्स विकत घेतल्याचे सर्वांत ठळक लक्षण आहे. पुढची गळतीही त्याला धरूनच असते, कारण बनावट खाती इन्स्टाग्राम वेळोवेळी काढून टाकते.

खरी उडी वेगळी दिसते. सप्टेंबरात कास फुलल्यावर एखादी रील चालली, तर आधी रीच, म्हणजे पोस्ट पोहोचलेल्या माणसांचा आकडा, वाढतो, मग फॉलोअर्स काही दिवस येत राहतात आणि चढ हळूहळू मंदावतो. प्रेक्षकांच्या शहरांत पुणे, मुंबई, कोल्हापूर दिसतात. कमेंटमध्ये ‘आता फुलं आहेत का?’, ‘बुकिंग कुठे करायचं?’ असे प्रश्न येतात. नुसत्या बदामांची रांग लागत नाही.

एवढ्यावरून खातेदाराला लबाड ठरवणे मात्र अन्यायाचे. बक्षीस योजनेतही फॉलोअर्स झपाट्याने येतात आणि निकालानंतर निघून जातात. बनावट फॉलोअर्स दुसरा कोणी खोडसाळपणे पाठवू शकतो. यूट्यूबवर २०१९ पासून सबस्क्रायबरचा जाहीर आकडा पहिल्या तीन अंकांपुरताच दिसतो. त्यामुळे दहा लाख ते एक कोटी सबस्क्रायबर असलेल्या चॅनेलचा बाहेरून काढलेला आलेख दहा-दहा हजारांच्या पायऱ्या चढतो. त्या पायऱ्या म्हणजे खरेदी नव्हे.

दरही कशाने भागून काढला, हे विचारावे. रीचने भागलेला आणि फॉलोअर्सनी भागलेला दर शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

शिवाय स्क्रीनशॉट हा स्वतः पुरावा नाही. ब्राउझरमध्ये पानावरचा आकडा क्षणात बदलून चित्र काढता येते. म्हणून खातेदाराला समोर बसवून, नाहीतर व्हिडिओ कॉलवर, त्याच्याच फोनमधले इनसाइट्स, म्हणजे ॲपमधली खात्याची आकडेवारी, उघडायला सांगावे आणि तारखांचा कालावधी आपण सुचवावा.