क्लेम अर्धवट मंजूर झाला? आधी भागाकार तपासा

दुकानातल्या मालाचं आगीत किंवा पाण्यात नुकसान झालं आणि विमा कंपनीनं मागितल्यापेक्षा कमी रक्कम देऊ केली, की बहुतेक जण नुकसानीच्या आकड्यावर वाद घालतात. पण पुष्कळदा कंपनी तो आकडा मान्य करते आणि कपात वेगळ्याच ठिकाणी होते. त्या ठिकाणाचं नाव 'ॲव्हरेज क्लॉज'.

समजा विमा ६ लाखांचा आहे आणि नुकसान २ लाखांचं. सर्व्हेअर म्हणतो, घटनेच्या दिवशी दुकानात १० लाखांचा माल होता, म्हणजे विमा ६० टक्केच होता. म्हणून नुकसानीच्याही ६० टक्के, १ लाख २० हजार. आता त्या १० लाखांत अडीच लाखांचा माल दुसऱ्यांचा, फक्त विक्रीसाठी ठेवलेला असेल आणि पॉलिसी तुमच्याच मालाची असेल, तर खरी किंमत साडेसात लाख. विमा ८० टक्के ठरतो आणि देणं १ लाख ६० हजार. (जळालेल्या मालात तो परका माल असेल, तर तो नुकसानीतूनही वजा होईल.) पूर्ण २ लाख मात्र मागू नका, तेवढ्यावर अडून बसलं की रास्त मागणीही कोणी ऐकत नाही.

म्हणून सर्व्हे रिपोर्टची प्रत आणि कपातीचा कलमनिहाय हिशोब लेखी मागा. फोनवर "सिस्टीमनंच तसं काढलंय" असं सांगतात, ते उत्तर धरू नका.

घोडं अडतं ते घटनेच्या दिवशीच्या स्टॉकच्या कागदावर. तो जवळपास कोणाकडेच नसतो. तो तयार करावा लागतो: मागच्या हिशोबातला शिल्लक माल, त्यात त्यानंतरची खरेदी मिळवायची आणि विक्री वजा करायची. विक्री मात्र खरेदीच्या भावानं. बिलावरची रक्कम नफ्यासकट वजा केली तर स्टॉक खोटाच कमी दिसतो, आणि सर्व्हेअर ते लगेच पकडतो. परक्या मालासाठी चलन आणि मालकाचं पत्र जोडा. खरेदीची बिलं, बँक स्टेटमेंट, पॉलिसीची प्रत हे नेहमीचंच.

आणि कृपा करून 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या व्हाउचरवर घाईनं सही करू नका. पैशांची निकड कंपनीला पक्की ठाऊक असते. आधी ईमेलनं कळवा: वादात नसलेली रक्कम द्या, उरलेल्या रकमेवरचा हक्क राखून ती स्वीकारत आहे. व्हाउचरचा मजकूर बदलून मागा. सही करून गेल्यावर बाकी मागणं अशक्य नसलं, तरी फार जड जातं.

पुढची पायरी कंपनीचा तक्रार विभाग, मग विमा लोकपाल किंवा न्यायालय. इथे मुदत चुकते. अंतर्गत तक्रार चालू आहे म्हणून पॉलिसीतली दाव्याची मुदत थांबते असं गृहीत धरू नका. ती तारीख पॉलिसीतून आजच शोधून लिहून ठेवा, आणि ती कधीपासून मोजायची तेही त्याच कलमात वाचा.