श्मिट ट्रिगरचे दोन उंबरठे : सूत्रात पुरवठ्याचा दाब घ्यावा की आउटपुटचा?

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळील हळदीच्या एका गोदामाच्या अंगणात रोज संध्याकाळी एक दिवा दहा-पंधरा मिनिटे लुकलुकत असे आणि त्याचा रिले खटखट वाजत राहत असे. अंधार पडताच दिवा आपोआप लागावा म्हणून बसवलेले ते सर्किट एलएम३५८ या ऑप-अँपवर बांधलेले होते. त्यात धन फीडबॅकही होता, म्हणजे ते श्मिट ट्रिगर होते; अशा सर्किटचे आउटपुट इनपुट चढताना एका उंबरठ्यावर आणि उतरताना दुसऱ्या उंबरठ्यावर बदलते. कागदावरचे गणित तपासले तर सर्किट स्थिर राहायला हवे होते. गणित चुकलेले नव्हते. त्यात भरलेला एक आकडा मात्र चुकीचा होता. उंबरठ्याच्या सूत्रात पुरवठ्याचा दाब भरावा की आउटपुटचा, हा त्या आकड्याचा वाद आपल्याकडच्या प्रयोगशाळांत फार जुना आहे आणि त्याचे मूळ या सर्किटच्या इतिहासातच आहे.

श्मिट ट्रिगरची कल्पना १९३४ च्या सुमारास एका अमेरिकी विद्यार्थ्याला सुचली. तो सागरी प्राण्यांच्या मज्जातंतूंतून संदेश कसा जातो याचा अभ्यास करीत होता, आणि १९३८ मध्ये त्याने हे सर्किट प्रसिद्ध केले, तेव्हा ते निर्वात नळ्यांचे होते. पुढे नळ्यांच्या जागी दोन ट्रान्झिस्टर आले आणि त्यांच्या एमिटरना एकच सामाईक रोधक जोडण्याची पद्धत रूढ झाली. या काळात उंबरठे काढणे किचकट होते, कारण प्रत्येक स्थितीत कोणता ट्रान्झिस्टर किती प्रवाह वाहतो हे आधी ठरवावे लागे. १९६८ मध्ये ७४१ हा ऑप-अँप बाजारात आला आणि पुढे तो पॉलिटेक्निकच्या टेबलावर पोहोचला, तेव्हा तेच काम दोन रोधकांच्या विभाजकापर्यंत खाली आले. सोय झाली, पण आकडा भरताना विचार करण्याची सवयही त्याच वेळी सुटली, असे माझे मत आहे.

७४१ च्या इन्व्हर्टिंग रचनेत संदेश उणे टोकाला देतात. आउटपुटपासून अधिक टोकापर्यंत १०० किलोओहम आणि तेथून जमिनीपर्यंत १० किलोओहम रोधक लावला, की आउटपुटच्या दाबाचा अकरावा भाग अधिक टोकावर येतो. आउटपुट वरच्या टोकाला असताना हा भाग वरचा उंबरठा म्हणजे यूटीपी ठरतो आणि खालच्या टोकाला असताना खालचा उंबरठा म्हणजे एलटीपी. इनपुट यूटीपी ओलांडताच आउटपुट खाली घसरू लागते, त्यासरशी अधिक टोकाचा दाबही खाली येतो, दोन टोकांमधला फरक आणखी वाढतो आणि आउटपुट मध्ये कोठेही न थांबता तळाला जाते. उंबरठा स्वतःच सरकतो, म्हणूनच ओलांडून गेलेल्या इनपुटला तोच उंबरठा परतीच्या वाटेवर सापडत नाही.

वाद असा, की ‘अकरावा भाग’ नेमका कशाचा घ्यायचा. वहीत बहुतेक वेळा ±१५ व्होल्ट पुरवठा लिहिलेला असतो, त्यामुळे उत्तर ±१.३६ व्होल्ट येते. ऑसिलोस्कोपवर मात्र आउटपुट +१४ आणि −१३ व्होल्टच्या आसपास अडते, म्हणजे यूटीपी १.२७ आणि एलटीपी −१.१८ व्होल्ट येतात. पुरवठ्याचा आकडा घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की संपृक्त आउटपुट नमुन्यागणिक आणि भारागणिक बदलते, त्यामुळे उत्तरपत्रिकेत सर्वांचे उत्तर एकच यावे यासाठी पुरवठाच धरावा. परीक्षेपुरते ते समजण्यासारखे आहे. तरीही उंबरठा पुरवठ्यातून नव्हे तर आउटपुटमधून येतो, आणि पुरवठा धरणारा विद्यार्थी ही गोष्ट कधीच शिकत नाही. शिवाय दोन उंबरठे शून्याभोवती सममित असतात हा समजही त्याच सवयीतून घट्ट होतो.

±१५ व्होल्टवर ही चूक सात ते पंधरा टक्क्यांची असते आणि दृष्टीआड होते. बारा व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालणाऱ्या एलएम३५८ मध्ये तीच चूक दिवा लुकलुकवते. त्याचे आउटपुट खाली जवळपास शून्यापर्यंत जाते, पण वर सुमारे साडेदहा व्होल्टलाच थांबते. गोदामाच्या सर्किटमध्ये अधिक टोकाला १०० किलोओहमचे दोन रोधक होते, एक बारा व्होल्टकडे आणि एक जमिनीकडे, त्यामुळे मधला बिंदू सहा व्होल्टवर होता. आउटपुटपासून येणारा फीडबॅक रोधक ६८० किलोओहमचा होता. मधल्या बिंदूकडून पाहिल्यास दोन समान रोधक ५० किलोओहमच्या एका रोधकासारखे वागतात, म्हणून आउटपुटच्या सहा व्होल्टपासूनच्या अंतराचा ५० भागिले ७३०, म्हणजे सुमारे ०.०६८५ इतका भाग अधिक टोकावर उतरतो.

वरचा उंबरठा बारा व्होल्ट धरून काढला, तर ६.४१ व्होल्ट येतो. प्रत्यक्ष साडेदहा व्होल्ट धरल्यास तो ६.३१ येतो. आउटपुट शून्यावर असतानाचा खालचा उंबरठा दोन्ही गणितांत ५.५९ व्होल्टच राहतो. म्हणजे कागदावर दोन उंबरठ्यांतील अंतर ०.८२ व्होल्ट दिसते आणि सर्किटमध्ये ते ०.७२ व्होल्टच असते.

आता हा एक दशांश व्होल्टचा फरक का बोचला ते पाहू. उणे टोकाला प्रकाश कमी झाला की रोध वाढणारा एलडीआर बारा व्होल्टकडे आणि साधा रोधक जमिनीकडे असल्याने अंधार वाढेल तसा उणे टोकाचा दाब कमी होतो. तो ५.५९ च्या खाली गेला की आउटपुट वर जाते, रिले ओढला जातो आणि दिवा लागतो. पण दिव्याचा थोडा प्रकाश भिंतीवरून परत एलडीआरवर पडतो. मीटर लावून पाहिले, तेव्हा दिवा लागताच उणे टोक ०.७५ व्होल्टने वर जात होते, म्हणजे ६.३४ पर्यंत. कागदावरच्या ६.४१ पेक्षा हे कमी आहे, म्हणून दिवा टिकायला हवा होता. खरा उंबरठा ६.३१ असल्याने आउटपुट लगेच खाली आले, दिवा विझला, प्रकाश गेला आणि दाब पुन्हा ५.५९ च्या खाली घसरला. अंधार पुरेसा गडद होऊन दिव्यासकटचा दाबही ६.३१ च्या खाली राहू लागेपर्यंत हे चक्र चालत असे.

फीडबॅक रोधक ६८० ऐवजी ४७० किलोओहमचा केल्यावर भाग ०.०९६ झाला. उंबरठे ६.४३ आणि ५.४२ व्होल्टवर गेले, अंतर सुमारे एक व्होल्टचे झाले, आणि ०.७५ ची उसळी त्यात मावली. त्याची किंमतही आहे: दिवा आता थोडा उशिरा लागतो आणि सकाळी थोडा उशिरा विझतो, म्हणून अंतर वाटेल तेवढे वाढवता येत नाही. त्याआधी एलडीआर दिव्याच्या आडोशाला नेऊन उसळीच कमी करता येते का हे पाहणे योग्य ठरते.

उंबरठे मोजतानाही एक फसगत होते. ७४१ चे आउटपुट मायक्रोसेकंदाला सुमारे अर्ध्या व्होल्टच्या वेगाने बदलते, त्यामुळे +१४ पासून −१३ पर्यंत उतरायला त्याला ५४ मायक्रोसेकंद लागतात. एक किलोहर्ट्झची, पाच व्होल्ट शिखराची त्रिकोणी लहर दिली, तर तेवढ्या वेळात इनपुट एक व्होल्टहून पुढे सरकते आणि पडद्यावर उंबरठा आहे त्यापेक्षा दूर दिसतो. लहर पन्नास हर्ट्झवर आणली की हे सरकणे ०.०५ व्होल्टवर येते. आउटपुटच्या दोन्ही टोकांचे दाब त्याच वेळी, प्रत्यक्ष भार जोडलेला असताना, मोजून वहीत लिहावेत आणि सूत्रात तेच भरावेत.