दहाच्या स्लिपवरचा ठिपका

अंधेरीच्या एमआयडीसीत आमची मापनाची खोली आहे. बाहेर जुलैचा पाऊस, आत २० अंश. टेबलावर ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, तिच्यावर स्टँड आणि स्टँडमध्ये उभा धरलेला एलव्हीडीटी.

हा सेन्सर सरकण्याचं अंतर व्होल्टमध्ये सांगतो. नळीत तीन कॉइल असतात. मधल्या कॉइलला एसी देतात आणि दोन्ही टोकांच्या कॉइल एकमेकींच्या उलट जोडतात. आत निकेल-लोखंडाचा गाभा सरकतो. तो बरोबर मध्ये असला की दोन्ही कॉइलमधले व्होल्टेज एकमेकांना खोडून काढतात आणि रीडिंग शून्य येतं. गाभा ज्या बाजूला सरकेल त्या बाजूचं पारडं जड होतं. पण तो टोकाकडे गेला की कॉइलच्या शेवटाशी पोचतो, तिथे चुंबकीय क्षेत्र एकसारखं राहत नाही आणि प्रत्येक मिलिमीटरमागे मिळणारं व्होल्टेज घटतं. त्यामुळे आलेख सरळ रेषेऐवजी लांबट एस आकाराचा होतो. तो किती वाकतो, हेच आम्हाला तपासायचं होतं.

सेन्सर अधिक-उणे ५ मिमीचा होता, मिलिमीटरला सुमारे १ व्होल्ट देणारा. १० मिमीच्या स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या जाडीच्या पोलादी ठोकळ्यावर, गाभ्याला जोडलेलं टोक टेकवून शून्य लावलं. मग ५, ७.५, १२.५ आणि १५ मिमी अशा उंच्या खाली ठेवून रीडिंग घेतली, प्रत्येक तीनदा. दर वेळी टोक उचलायचं, स्लिप सरकवायची आणि टोक हळूच खाली सोडायचं.

खालच्या बाजूला उणे २.५१० आणि उणे ४.९५५ व्होल्ट आले. वरच्या बाजूला २.५२५ आणि ४.९७०. माझा सहकारी म्हणाला, "सर, हा वरच्या बाजूला जास्त दाखवतोय. सेन्सरच असा असेल का?"

मी आकडे पुन्हा पाहिले. दोन्ही ठिकाणी फरक नेमका १५ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे १५ मायक्रॉन. सेन्सरची एक बाजू जास्त देत असती, तर फरक अंतराबरोबर वाढला असता. ५ मिमीला तो २.५ मिमीच्या जवळपास दुप्पट निघाला असता. इथे मात्र शून्य ओलांडताच एकदम उडी होती आणि पुढे ती तेवढीच राहिली होती. दोष सेन्सरच्या खाली होता.

आमच्या संचात ५ आणि ७.५ च्या अखंड स्लिप आहेत. १२.५ साठी मात्र १० वर २.५ ची आणि १५ साठी १० वर ५ ची चढवावी लागते. म्हणजे वरच्या दोन्ही मापांत दहाची स्लिप खाली होती. ती दिव्याखाली तिरकी धरली, तर कडेजवळ गंजाचा एक तांबूस ठिपका दिसला. पावसाळ्यात बोटाचा ठसा पुसायचा राहिला की मुंबईच्या दमट हवेत असा ठिपका यायला वेळ लागत नाही. स्लिप एकटी असताना सेन्सरचं टोक तिच्या मध्यावर टेकतं, त्यामुळे तो कळत नाही. वर दुसरी स्लिप ठेवली की ती त्याच्यावर अडून उचलली जाते.

खरं तर हाताला ते आधीच कळायला हवं होतं. स्वच्छ स्लिप एकमेकींवर किंचित दाबून फिरवल्या की घट्ट चिकटतात आणि वरची उचलली तर खालचीही येते. या दोन नुसत्या एकीवर एक बसल्या होत्या. न चिकटलेली जोडी मी मापाला वापरू देत नाही.

दहाची स्लिप बाजूला काढली. १२.५ साठी ९.५ वर ३ आणि १५ साठी ९ वर ६ चिकटवली. शून्यासाठी ७ वर ३. आता वर २.५१० आणि ४.९५५ आले, खालच्या बाजूचं प्रतिबिंब.

मग पाचही बिंदूंना सर्वांत जवळून जाणारी रेषा काढली. तिचा चढ मिलिमीटरला ०.९९३६ व्होल्ट निघाला. २.५ मिमीला रेषा २.४८४ म्हणते, रीडिंग २.५१० आहे. सर्वांत मोठा फरक हाच, ०.०२६ व्होल्ट. पूर्ण १० व्होल्टच्या पल्ल्याशी तुलना केली तर ०.२६ टक्के. फक्त एका बाजूच्या ५ व्होल्टशी केली तर हाच फरक ०.५२ टक्के होतो. रेषा दोन टोकं जोडून काढली, तर मधला फरक वाढून पूर्ण पल्ल्याच्या सुमारे ०.३३ टक्के होतो. सेन्सर एकच, आकडे तीन. म्हणून दाखल्यावर नुसते टक्के वाचून मी कोणाला सेन्सर घ्या असं सांगत नाही. रेषा कोणती आणि भागलं कशाने, हे आधी विचारतो.

एक चूक मात्र या रेषेत अजिबात दिसत नाही. सेन्सर २ अंश कलता धरला असेल, तर १० मिमीच्या सरकण्याला तो सुमारे ६ मायक्रॉन जास्त मोजतो, पण ही वाढ सगळीकडे त्याच प्रमाणात असते. रेषा तितकीच सरळ राहते, फक्त चढ बदलतो. म्हणून रीडिंग सुरू करण्याआधी काटकोन्या लावून सेन्सर दोन बाजूंनी उभा आहे का, ते आम्ही पाहून घेतो.