स्टेटसमधला टोमणा

कुणाचंही नाव न घेता, पण कुणाला तरी लागावं अशा बेताने व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवलेला सुविचार, विरहाचं गाणं किंवा अर्धवट वाक्य. सांगली-मिरजेकडे ‘तिनं स्टेटसला टाकलंय’ म्हटलं की ऐकणारी ‘काय?’ असं विचारत नाही, ‘कुणाला?’ असं विचारते.

रीत जुनीच आहे. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण याच कलेची. जात्यावरच्या ओव्यांमध्ये सासरचं गाऱ्हाणं जात्याला सांगितलं जाई आणि ते आतल्या खोलीपर्यंत पोचे. मात्र सासूने ते ऐकलं की नाही, हे सुनेला पक्कं कळत नसे. 2017 साली आलेल्या आणि 24 तासांनी आपोआप जाणाऱ्या स्टेटसने ती अडचण संपवली, कारण कुणी पाहिलं याची यादी टाकणाऱ्याला दिसते. त्यामुळे स्टेटस उघडणं हेच अर्धं उत्तर होऊन बसतं. ज्याने ‘वाचल्याची खूण’ बंद ठेवली आहे त्याचं नाव यादीत येत नाही, पण मग त्यालाही स्वतःचं स्टेटस कुणी पाहिलं ते कळत नाही.

टोमण्याची खरी ताकद नाव नसण्यात असते. विचारायला गेलं की ‘तुलाच का लागलं?’ हे उत्तर तयार असतं, वर ‘खाई त्याला खवखवे’ हेही ऐकावं लागतं. टाकणारा सुटतो आणि विचारणारा अडकतो.

एक उदाहरण घेऊ. गणपती पेठेतल्या एका दुकानात काम करणारी बाई दिवाळीच्या गर्दीमुळे कुपवाडला मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला जाऊ शकली नाही. बारसं रविवारी होतं. सोमवारी रात्री मैत्रिणीच्या स्टेटसला काळ्या पार्श्वभूमीवर ओळ आली: ‘गरजेला पाठ फिरवणारे कायम लक्षात राहतात.’ खाली रडकं गाणं. हिच्या पोटात गोळा आला.

वेळ जुळते, पण वेळ हा सगळ्यात कच्चा पुरावा. त्या दोन दिवसांत मैत्रिणीच्या आयुष्यात आणखी काय घडलं हे वाचणाऱ्याला ठाऊकच नसतं. त्यापेक्षा शब्द बघावा. बारशाला कुणी ‘गरज’ म्हणत नाही. गरज म्हटलं की पैसा येतो, दवाखाना येतो. रुसलेल्या बाईने ‘आनंदात सामील’ वगैरे काहीतरी लिहिलं असतं. दोघींनाच ठाऊक असलेला एखादा तपशील ओळीत असता, किंवा हिने पाहिल्यावर पाच मिनिटांत स्टेटस काढलं गेलं असतं आणि असं दोन-तीनदा घडलं असतं, तर संशयाला जागा होती.

स्टेटस निवडक लोकांनाच दाखवता येतं. म्हणून काही जणी तिसरीला विचारतात, ‘तुला दिसतंय का गं?’ ही तपासणी फसवी आहे. दोघींनी एकमेकींचे नंबर सेव्ह केलेले नसतील तरीही स्टेटस दिसत नाही. शिवाय विचारलं की तासाभरात ती गोष्ट तिसरीची होते.

हिने आधी उलट स्टेटस लिहायला घेतलं होतं: ‘प्रत्येकाची अडचण वेगळी असते.’ टाकलं नाही, हे बरं झालं. प्रतिस्टेटसने जी ओळ कदाचित आपली नव्हती ती आपल्या नावावर चढते, आणि ज्यांना काहीच माहीत नव्हतं ते चाळीस जण प्रेक्षक होतात. स्टेटसखाली थेट उत्तर दिलं तर ते खासगीत जातं खरं, पण वर तीच ओळ चिकटलेली असते आणि बोलणं तिथूनच सुरू होतं.

मंगळवारी दुपारी दुकान जरा रिकामं झाल्यावर तिने फोन केला. स्टेटसचा उल्लेख नाही. ‘बाळ कसं आहे? परवा सुट्टीच मिळाली नाही गं, यायला पाहिजे होतं मी.’ चूक झाली असेल तर ती आपल्या बाजूने, तिच्या खऱ्या नावाने बोलायची. टोमण्याला उत्तर द्यायचं नाही. टोमणा आपला नसेल तर यात काही बिघडत नाही, आणि असेल तर समोरचीला बोलायला वाट मिळते. जिथे असं बोलण्याइतकं नातंच नाही, तिथे स्टेटस म्यूट करून सोडून द्यावं. रोज उठून तेच टाकणाऱ्यांना तर प्रेक्षक मिळणं हेच उत्तर वाटतं.

या सगळ्याला एक अपवाद आहे. ‘आता कुणाला माझा त्रास होणार नाही’, ‘शेवटचा नमस्कार’ अशी ओळ आली तर ती कुणाला आहे हे शोधत बसू नये. लगेच फोन करावा, जीव द्यायचा विचार मनात येतोय का हे स्पष्ट विचारावं, आणि फोन उचलला नाही तर घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना गाठावं. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

कुपवाडच्या मैत्रिणीची ओळ दिरासाठी होती. बाळंतपणात दवाखान्यात भरायचे पैसे तो देतो म्हणाला आणि ऐनवेळी फोन बंद करून बसला. पाच मिनिटं त्याचा उद्धार झाल्यावर ती म्हणाली, ‘तुला नव्हतं गं ते. पण तू आली नाहीस ते लागलं मला, खोटं कशाला बोलू.’