पोकळ्या मोठ्या, पण मेंदू आकसलाय का?

“वयोमानानुसार मेंदू आकसला आहे.” सीटी स्कॅनच्या रिपोर्टात हे वाक्य वाचलं की घरातले हात टेकतात. बहुतेक वेळा ते वाक्य बरोबर असतं. पण तसंच दिसणारं एक दुखणं आहे, ज्यावर इलाज होऊ शकतो: हायड्रोसेफॅलस, म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठणं.

समजा, ७४ वर्षांचे आजोबा आहेत. पाय जमिनीला चिकटल्यासारखे घासत चालतात, लघवी आवरत नाही, विसरायलाही लागलेत. सीटीत मेंदू आडव्या कापांमध्ये दिसतो आणि पाणी काळं दिसतं. मधोमध फुलपाखराच्या पंखांसारख्या दोन काळ्या पोकळ्या दिसतात. त्यांच्या पुढच्या टोकांची सर्वांत जास्त रुंदी भरली ४६ मिलिमीटर. त्याच कापावर कवटीची आतली रुंदी १३२. भागाकार सुमारे ०.३५. हा इव्हान्स निर्देशांक; १९४२ साली विल्यम इव्हान्स यांनी मांडलेला. ०.३ च्या वर गेला की पोकळ्या मोठ्या समजतात. मोजताना हाड धरलं किंवा डोकं कललेलं असलं, तर आकडा फसवतो.

पण आकडा बरोबर आला तरी तो कारण सांगत नाही. मेंदू आकसलेल्या माणसाचाही ०.३५ येऊ शकतो.

खरी खूण असते टाळूजवळच्या कापांत. मेंदू आकसतो तेव्हा रिकामी झालेली जागा पाणी भरून काढतं, आत आणि बाहेरही. म्हणून पोकळ्या मोठ्या होतात, तशा वरच्या घड्यांमधल्या खाचाही रुंदावतात. सुकलेल्या अक्रोडाच्या गरासारख्या. हायड्रोसेफॅलसमध्ये उलटं घडतं. पोकळ्या फुगतात, मेंदू वर कवटीकडे रेटला जातो आणि टाळूखालच्या खाचा मिटतात. आजोबांच्या वरच्या कापांत काळ्या रेघा जवळजवळ नाहीतच! कानाच्या वरच्या बाजूची मोठी खाच, सिल्व्हियन फिशर, मात्र रुंद आहे. इथेच चूक होते: तेवढीच खाच पाहिली तर “आकसलाय” असं वाटतं. खाली रुंद आणि वर मिटलेलं, ही विषम जोडीच नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसकडे, म्हणजे पाण्याचा दाब फारसा न वाढता होणाऱ्या हायड्रोसेफॅलसकडे, बोट दाखवते. कपाळाला समांतर उभा काप घेतला, तर दोन पोकळ्यांच्या छतांमधला कोनही अरुंद होतो. तो ठरलेल्या जागी एमआरआयवर मोजतात. ९० अंशांच्या आत आला तर संशय बळावतो.

“डोक्यात पाणी झालंय” म्हणून टाळूवर औषधी तेल थापणारे भेटतात. तेल त्या पोकळीपर्यंत पोचतच नाही, आणि त्यात महिने जातात.

आकसणं आणि हायड्रोसेफॅलस, दोन्ही गोष्टी एकाच मेंदूत असू शकतात, म्हणून निव्वळ फोटोवर निर्णय होत नाही. मेंदूतलं हेच पाणी पाठीच्या कण्यातही असतं, म्हणून आजोबांच्या कमरेतून सुईने ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढतात, आधी आणि नंतर त्यांची चाल घड्याळ लावून मोजतात. चाल सुधारली तर शंट, म्हणजे जास्तीचं पाणी मेंदूबाहेर वाहून नेणारी नळी, बसवण्याचा विचार होतो. नाही सुधारली, तरी तेवढ्यावरून हायड्रोसेफॅलस नाही असं म्हणता येत नाही.