आधी 4a ने गुणा

बोर्डाची परीक्षा जवळ आली की एक फॉरवर्ड हमखास फिरतो: 'वैदिक गणिताची गुप्त युक्ती, वर्गसमीकरण पाच सेकंदांत!' ax² + bx + c = 0 दिलं असेल तर एका बाजूला 2ax + b लिहा, दुसऱ्या बाजूला ±√(b² − 4ac), की झालं. उत्तर बरोबर येतं, त्यात वाद नाही. पण यात वैदिक काही नाही आणि गुप्त तर मुळीच नाही. ही श्रीधराचार्यांची रीत. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही, पण बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' ग्रंथात ही रीत श्रीधरांच्या नावासकट दिली आणि म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

शाळेत आपण सूत्र सिद्ध करताना आधी सगळ्याला a ने भागतो. तिथूनच अपूर्णांकांचा चिखल सुरू होतो: b/a, त्याचं निम्मं b/2a, त्याचा वर्ग b²/4a². श्रीधर भागत नाहीत, गुणतात. ax² हा वर्ग दिसावा म्हणून a ने गुणलं की (ax)² मिळतो. पण मधलं पद abx होतं, ते 2 × ax × (b/2) असं लिहावं लागतं आणि पुन्हा निम्मं आडवं येतं. ते घालवायला आणखी ४ ने गुणायचं, म्हणजे एकूण 4a ने:

4a²x² + 4abx + 4ac = 0

आता पहिली दोन पदं म्हणजे (2ax)² + 2·(2ax)·b. पूर्ण वर्गाला कमी आहे फक्त b². तो दोन्ही बाजूंना मिळवा आणि 4ac पलीकडे न्या:

(2ax + b)² = b² − 4ac

वर्गमूळ घ्या, b पलीकडे न्या, 2a ने भागा. सूत्र तयार. शेवटी भागताना अख्ख्या −b ± √(b² − 4ac) ला भागायचं असतं. फक्त वर्गमुळाखाली रेघ ओढणारी मुलं दरवर्षी भेटतात.

मग अवयव, पूर्ण वर्ग आणि सूत्र या तीन पद्धतींपैकी कुठली वापरायची? मी आधी b² − 4ac, म्हणजे विवेचक, काढतो. सहगुणक पूर्णांक असतील आणि विवेचक पूर्ण वर्ग निघाला, तरच पूर्णांकांत अवयव पडतात. 3x² − 5x + 1 = 0 मध्ये तो १३ येतो, म्हणजे अवयव शोधत बसणं व्यर्थ; सरळ सूत्र. 6x² − 7x − 20 = 0 मध्ये 49 + 480 = 529, म्हणजे २३ चा वर्ग. इथे मधल्या पदाची फोडही चाचपडत शोधायला नको. (−7 + 23)/2 = 8 आणि (−7 − 23)/2 = −15, हेच ते दोन आकडे: बेरीज −7, गुणाकार −120. फोड केली की (2x − 5)(3x + 4) = 0. विवेचक काढल्यावर सूत्रानेही तितकाच वेळ लागतो, हे मान्य. म्हणून अवयव मी तेव्हाच पाडतो, जेव्हा ते नजरेला लगेच दिसतात.

उरली पूर्ण वर्गाची पद्धत. a = 1 आणि b सम असेल तिथे ती सगळ्यात हलकी. भास्कराचार्यांचंच गणित घ्या: माकडांच्या टोळीच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतोय आणि उरलेली १२ टेकडीवर किचकिचाट करताहेत, एकूण माकडं किती? x²/64 + 12 = x, म्हणजे x² − 64x + 768 = 0. अवयवांनी जायचं तर ७६८ च्या नऊ जोड्या चाळा. सूत्राने जायचं तर ६४ चा वर्ग करा. त्यापेक्षा ६४ चं निम्मं ३२:

(x − 32)² = 1024 − 768 = 256

x = 48 किंवा 16, आणि दोन्ही उत्तरं चालतात. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२. १६ चा २, वर्ग ४, अधिक १२.

त्याला जोडूनच दुसरं गणित आहे. टोळीच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत गेला, एक माकड फांदीवर दिसतंय. x² − 55x + 250 = 0. इथे b विषम, निम्मं केलं तर साडेसत्तावीस. पण ५० आणि ५ चे अवयव चटकन दिसतात. ५० ठीक: दहातून तीन गेले सात, वर्ग ४९, अधिक १. पण ५ घेतलं तर एकातून तीन वजा करावे लागतात. −2 चा वर्ग ४, अधिक १, समीकरण जुळतं. तरी भास्कराचार्यांनी ते उत्तर बाद केलं: प्रत्यक्षातल्या ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असं कारण देऊन.